दिवाळीचा बोनस: पाकीट, साडी की किराणा?

दसरा झाला की घरोघरी हा विषय निघतो. मावशींना यंदा काय द्यायचं? साडी घ्यावी, फराळाचं सामान भरून द्यावं की सरळ पैसे द्यावेत? माझं मत स्वच्छ आहे. आधी एका महिन्याचा पगार रोख द्यावा. साडी, मिठाई, किराणा जे काही द्यायचं ते त्यावर द्यावं, त्याच्या बदल्यात नव्हे.

एक महिन्याचा हा हिशेब हवेतून आलेला नाही. कारखान्यांसाठी 1965 मध्ये बोनसचा कायदा झाला. त्यात पुढे किमान दर 8.33 टक्के ठरला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. घरकाम त्या कायद्यात बसत नाही, पण शहरांत रीत तीच रुळली आहे आणि कामाला येणाऱ्या बायका तोच आकडा धरून दिवाळीचा खर्च आखतात. कामाला लागून पाचच महिने झाले असतील तर त्या प्रमाणात द्यावं. पगार 3000 असेल, तर बोनस 1250 रुपये.

आता साडीचा हिशेब करू. समजा एक ताई चार घरी काम करतात. पगार 3000, 2500, 2000 आणि 1500, एकूण 9000. चारही घरांनी रोख दिलं तर हातात 9000 येतात. पण 2500 आणि 1500 देणाऱ्या दोन घरांनी त्याऐवजी साड्या दिल्या, तर रोख उरते 5000. शिवाय साडी मिळाली म्हणजे खर्च संपत नाही. ब्लाउजची शिलाई आणि फॉल-पिको मिळून एका साडीला 500 रुपये धरले, तरी दोन साड्यांचे 1000 त्यांच्याच पदरचे जातात. राहिले 4000. एवढ्यात मुलांचे कपडे, फराळ आणि गावी जायचं भाडं बसवायचं. बरं, घरात आधीच्या दिवाळीच्या साड्या घडीही न मोडता पडलेल्या असतात. साडी द्यायचीच असेल तर रंग त्यांना विचारावा, किंवा दुकानात सोबत न्यावं, आणि शिलाईचे पैसे साडीबरोबर द्यावेत. ड्रायव्हरदादांना शर्ट-पँटचं कापड देतानाही हेच लक्षात ठेवावं. कापडापेक्षा शिलाई महाग पडते.

किराणा त्या मानाने उपयोगी, कारण तो वाया जात नाही. महाराष्ट्र सरकारने 2022 च्या दिवाळीत रेशनवर 100 रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल होतं. शिधा द्यायचा तर असाच द्यावा: ज्यापासून लाडू, शेव, करंज्या होतील असा, ओळखीच्या वाणाचा, तारीख पाहून घेतलेला. आपल्याकडे भेट आलेले सुक्यामेव्याचे डबे पुढे सरकवणं म्हणजे बोनस नाही. आणि चार घरांनी चार किलो रवा दिला तर त्याचं करायचं काय? म्हणून आधी विचारलेलं बरं.

किती द्यायचं याइतकंच कधी द्यायचं हेही महत्त्वाचं. वसुबारसेला मिळालेल्या पैशांतून बाजार करायला दिवसच उरत नाहीत, म्हणून आठ-दहा दिवस आधी द्यावं. ‘आधी दिलं तर सुट्टी घेऊन गावी जातील’ या भीतीने भाऊबिजेपर्यंत पाकीट अडवून ठेवणारी घरं आहेत. हे मला अन्यायाचं वाटतं. सुट्टीचं बोलणं वेगळं करावं, त्यासाठी बोनस ओलीस धरू नये. ड्रायव्हर बिहारचा असेल तर त्याची मोठी ओढ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठपूजेची असते. त्याला पैसे गाडीचं तिकीट काढायच्या वेळी हवे असतात. मुसलमान घरातल्या ताईंना ईदला हवा की दिवाळीला, हे त्यांनीच सांगावं.

उचल घेतली असेल तर ती बोनसमधून कापू नये. तिचे हप्ते पगारातूनच ठरल्याप्रमाणे जाऊ द्यावेत, नाहीतर सणाला हातात काहीच राहत नाही. लक्ष्मीपूजनाला किंवा पाडव्याला गाडी काढायला लावली तर त्या दिवसाचे पैसे वेगळे. आणि पाकीट त्यांच्याच हातात द्यावं. ऑनलाइन पाठवायचं असेल तर आधी विचारावं, कारण कित्येक बायकांच्या नावावर घरात फोनच नसतो, पैसे नवऱ्याच्या खात्यात जातात आणि तिथून परत मागावे लागतात.

पेन्शनवर चालणाऱ्या घराला एकदम महिन्याचा पगार जड जातो, हे खरं. त्यांनी पगार 3000 असेल तर दरमहा 250 रुपये बाजूला ठेवावेत. वर्षभरात बोनस जमतो. तेही जमत नसेल तर जेवढं देता येईल तेवढा आकडा गणपतीच्या सुमारासच सांगून टाकावा, म्हणजे त्यांना खर्च त्या बेताने आखता येईल. यंदा साडीच्या दुकानात शिरण्याआधी एकदा मावशींनाच विचारा: ‘पैसे देऊ की आणखी काही हवंय?’ आणि त्या म्हणतील तसं करा.