Explainer: ‘फ्यू ड्रॉप्स’ की ‘अ फ्यू ड्रॉप्स’? मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या लॅब रिपोर्टमध्ये इंग्रजी नेमकी कुठे चुकते

बारामती, इंदापूर : प्रयोग बरोबर, रीडिंग बरोबर, आकडेमोडही बरोबर, तरी जर्नल तपासून परत येते तेव्हा पानावर लाल रेघा असतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील अनेक मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात. अकरावी सायन्सला गेली, की पुस्तक, जर्नल आणि पुढे इंजिनिअरिंगचे टर्मवर्क, सगळे इंग्रजीत असते. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी विषय शिकवला जातो. पण धड्याखालची उत्तरे लिहिणे वेगळे आणि आपण हाताने केलेले काम चार ओळींत नेमके सांगणे वेगळे.

या चुका कुठेही, कशाही होत नाहीत. बहुतेक चुका तीनच ठिकाणी सापडतात: आर्टिकल, काळ आणि प्रिपोझिशन. तिन्हींचे मूळ मराठीच्या रचनेत किंवा मॅन्युअलच्या भाषेत आहे.

एक नमुना पाहू

समजा, एफवायच्या विद्यार्थ्याने आम्ल-अल्कली टायट्रेशन केले. फ्लास्कमध्ये 10 मिली 0.1 N HCl, ब्युरेटमध्ये NaOH आणि इंडिकेटर म्हणून फिनॉल्फथॅलिन. NaOH ची नॉर्मॅलिटी काढायची आहे. जर्नलमध्ये तो लिहितो:

‘टेक 10 मिली HCl इन कॉनिकल फ्लास्क. ॲड फ्यू ड्रॉप्स ऑफ इंडिकेटर इन इट. देन सोल्युशन इज टायट्रेटेड. वी हॅड टेकन थ्री रीडिंग्ज. 11.2 मिली NaOH वॉज ॲडेड.’

लिहिणाऱ्याला काय म्हणायचे आहे ते कळते. तरी या पाच वाक्यांत तिन्ही प्रकारच्या चुका आहेत आणि शेवटच्या वाक्याने तर उत्तरच बदलते.

आर्टिकल : मराठीत नाही, मग ठरवायचे कसे?

मराठीत ‘अ’ किंवा ‘द’ला थेट जोड नाही. ‘फ्लास्क घेतला’ म्हटले की कोणता फ्लास्क ते संदर्भावरून कळते. त्यामुळे विद्यार्थी आर्टिकल गाळतो किंवा भीतीपोटी सगळीकडे ‘द’ लावतो.

यावर एक सोपी कसोटी आहे. मोजता येणाऱ्या एका वस्तूच्या नावाआधी मराठीत ‘एक’ किंवा ‘एखादा’ बसतो का ते पाहावे. बसला तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. ‘तो, वर सांगितलेला’ बसला तर ‘द’. फ्लास्क पहिल्यांदा आला तेव्हा ‘इनटू अ कॉनिकल फ्लास्क’, पुढच्या ओळीत तोच फ्लास्क म्हणून ‘टू द फ्लास्क’. वॉटर, इक्विपमेंट, इन्फर्मेशन हे शब्द इंग्रजीत मोजत नाहीत, म्हणून त्यांच्याआधी ‘अ’ येत नाही. ‘बाय टायट्रेशन’सारख्या पद्धतीच्या नावाआधीही सहसा आर्टिकल लागत नाही. कसोटीची मर्यादा इथे आहे: असे प्रयोग वाचून आणि लिहूनच लक्षात राहतात.

‘अ’ की ‘ॲन’ हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरते. ‘एचसीएल’ असे वाचले तर सुरुवातीला ‘ए’चा स्वर येतो, म्हणून ‘ॲन HCl सोल्युशन’. ‘हायड्रोक्लोरिक ॲसिड’ असे पूर्ण लिहिले तर ‘अ’.

एका ठिकाणी मात्र आर्टिकल गाळले तर अर्थच उलटतो. ‘अ फ्यू ड्रॉप्स’ म्हणजे काही थेंब. नुसते ‘फ्यू ड्रॉप्स’ म्हणजे फारच कमी, जवळजवळ नाहीच. खरे तर रिपोर्टमध्ये दोन्ही टाळावेत. दोन थेंब टाकले असतील, तर ‘टू ड्रॉप्स’ लिहावे. आर्टिकलचा प्रश्नच मिटतो.

काळ : मॅन्युअल आज्ञा देते, रिपोर्ट हकिगत सांगतो

‘टेक’, ‘ॲड’ ही क्रियापदे मॅन्युअलमधून उतरलेली आहेत. मॅन्युअल करायला सांगते: घ्या, टाका, हलवा. रिपोर्ट काय केले ते सांगतो. म्हणून प्रोसिजर साध्या भूतकाळात आणि बहुधा कर्मणी प्रयोगात येते: ‘वॉज टेकन’, ‘वेअर ॲडेड’.

‘हॅड टेकन’ येते ते मराठीतल्या ‘घेतले होते’मुळे. मराठीत आपण मागची कुठलीही गोष्ट ‘होते’ लावून सहज सांगतो. इंग्रजीत ‘हॅड’ लागते ते भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची दाखवायला. तीन रीडिंग घेतली एवढेच सांगायचे असेल, तर ‘थ्री रीडिंग्ज वेअर टेकन’ पुरते. तसेच ‘घेतले आहे’मुळे ‘हॅव टेकन यस्टरडे’ असे होते. ‘यस्टरडे’सारखी ठरलेली वेळ आली की साधा भूतकाळच हवा.

सगळा रिपोर्ट मात्र भूतकाळात नसतो. ‘फिनॉल्फथॅलिन आम्लात रंगहीन असते’ हे कायमचे सत्य आहे, म्हणून ‘इज कलरलेस’. ‘द्रावण फिकट गुलाबी झाले’ हे त्या दिवशी घडले, म्हणून ‘टर्न्ड पेल पिंक’. तक्त्याकडे बोट दाखवतानाही वर्तमानकाळ: ‘टेबल 1 शोज’. हा फरक मराठीत आधीपासून आहे. ‘असते’ की ‘झाले’, एवढे स्वतःला विचारले तरी बहुतेक वेळा काळ बरोबर येतो.

प्रिपोझिशन : एका प्रत्ययाला अनेक इंग्रजी शब्द

मराठीत ‘फ्लास्कमध्ये आहे’ आणि ‘फ्लास्कमध्ये टाकले’ या दोन्हींना ‘मध्ये’च. इंग्रजीत असणे ‘इन’, आत सोडणे ‘इनटू’, आणि ‘ॲड’ क्रियापदासोबत ‘टू’. म्हणून ‘ॲड इन इट’ नव्हे, ‘ॲडेड टू द फ्लास्क’. तापमानाचेही तसेच. ‘60 अंशांवर’मधल्या ‘वर’मुळे ‘ऑन 60 डिग्री’ लिहिले जाते. तिथे ‘ॲट’ हवे.

सर्वांत महाग पडते ती ‘ने’ आणि ‘पर्यंत’ यांची गल्लत. ‘60 अंशांपर्यंत तापवले’ म्हणजे ‘हीटेड टू 60’. ‘तापमान 60 अंशांनी वाढले’ म्हणजे ‘रोज बाय 60’. पाणी आधी 25 अंशांवर असेल, तर दुसऱ्या वाक्यात ते 85 अंशांवर पोहोचते.

आता नमुन्यातले शेवटचे वाक्य पाहा. समजा, ब्युरेटची सुरुवातीची पातळी 1.0 होती आणि टायट्रेशन 11.2 ला थांबले. NaOH खर्च झाले 10.2 मिली. पण विद्यार्थ्याने शेवटचे रीडिंगच ‘11.2 मिली वॉज ॲडेड’ असे लिहिले. खर्च 10.2 धरला तर नॉर्मॅलिटी 0.1 × 10 ÷ 10.2, म्हणजे 0.098 N येते. फक्त रिपोर्ट वाचून कुणी 11.2 धरले, तर 0.089 N. ‘अप टू द 11.2 मिली मार्क’ असे लिहिले असते, तर हा घोटाळा झालाच नसता.

दुरुस्त केलेला रिपोर्ट

‘10 मिली ऑफ 0.1 N HCl वॉज पिपेटेड इनटू अ कॉनिकल फ्लास्क. टू ड्रॉप्स ऑफ फिनॉल्फथॅलिन वेअर ॲडेड टू द फ्लास्क. द सोल्युशन वॉज टायट्रेटेड विथ NaOH अंटिल इट टर्न्ड पेल पिंक. थ्री रीडिंग्ज वेअर टेकन. द व्हॉल्यूम ऑफ NaOH युज्ड वॉज 10.2 मिली.’

जर्नल देण्याआधी काय तपासाल?

एकाच वेळी सगळ्या चुका शोधू नका, तीनदा वाचा. पहिल्या वाचनात फक्त क्रियापदे पाहा: केलेले काम भूतकाळात आहे का? दुसऱ्यात प्रत्येक आकड्याआधीचा शब्द पाहा: ‘टू’, ‘बाय’, ‘ॲट’ यांतला कोणता हवा? तिसऱ्यात वस्तूंची नावे घ्या आणि प्रत्येकीआधी ‘एक’ की ‘तो’ हे मराठीत विचारा. वेळ एकाच वाचनापुरता असेल, तर दुसरे वाचन करा, कारण उत्तर बदलणाऱ्या चुका आकड्यांच्या शेजारीच असतात.