फळा कुणाला दिसतो?

वर्गातले बाक नव्याने मांडले की दारात उभं राहून एक फोटो काढला जातो. त्यात मांडणी देखणी दिसते, पण कुठल्या बाकावरून फळा वाचता येत नाही हे कळत नाही. दारातला कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो आणि बसलेल्या मुलाचे डोळे जमिनीपासून जेमतेम मीटरभर वर असतात. दोन मांडण्यांची तुलना करायची तर एक फोटो फळ्यापाशी उभं राहून काढावा आणि बाकीचे मुलांच्या जागी बसून.

समजा, वर्ग वीस फूट लांब-रुंद आहे. फळ्याकडे तोंड केलं की डाव्या, पूर्वेच्या भिंतीला दोन खिडक्या आहेत. पहिली मांडणी नेहमीच्या रांगांची, दुसरी घोड्याच्या नालासारखी, तीन भिंतींलगत.

फळ्यापासून काढलेल्या फोटोत नालाकृती मांडणी सहज जिंकते. रांगांमध्ये मागचे चेहरे पुढच्या डोक्यांआड जातात, इथे सगळे दिसतात. ये-जा पाहायची तर फोटो मुलं बसलेली आणि दप्तरं खाली ठेवलेली असताना घ्यावा, कारण रांगांमधली मोकळी वाट दप्तरांनीच भरते. नालाकृतीत मधली जागा मोकळी राहते. मात्र बाक एकमेकांना चिकटवले, तर भिंतीकडच्या मुलाला उठायला वाटच उरत नाही. दर दोन बाकांनंतर दीड फूट जागा सोडावी.

खरी अडचण उजव्या भिंतीलगतच्या पुढच्या बाकांवर येते. “बाई, फळा चमकतोय,” ही तक्रार खिडकीजवळची मुलं सहसा करत नाहीत. डावीकडून आलेला उजेड फळ्यावर आपटून तेवढ्याच कोनात उजवीकडे परततो. म्हणजे नालाकृती मांडणी जास्त मुलांना नेमकी चकाकीच्या वाटेवर बसवते, शिवाय त्यांची तोंडं थेट खिडक्यांकडे होतात. पांढऱ्या गुळगुळीत फळ्यावर हा त्रास आणखी वाढतो.

तपासायला छोटा आरसा पुरतो. तो फळ्यावर सपाट धरून हळूहळू सरकवावा. बाकावरच्या मुलाला आरशात जिथे खिडकी दिसेल, तिथली अक्षरं चकाकीत बुडतील. फोटो काढताना फळ्यावर तेच वाक्य त्याच आकारात असावं आणि वेळही तीच, सकाळी आठ-नऊची. मोबाइल स्वतःहून उजेड कमी-जास्त करतो. म्हणून फळ्याच्या न चमकणाऱ्या भागावर बोट दाबून ठेवून उजेड कायम करावा, नाहीतर दोन फोटोंची तुलनाच फसते.

उजवीकडचे बाक मागे सरकवले तर पहिल्या खिडकीची चकाकी फळ्याच्या डाव्या कडेकडे सरते, पण दुसऱ्या खिडकीची तिथे येऊ शकते. म्हणून आधी पहिल्या खिडकीला जाड पडदा लावावा, दुसरी वह्यांवर उजेड पडावा म्हणून उघडी ठेवावी, आणि त्याच बाकावरून पुन्हा फोटो घ्यावा. तरीही एखादी पट्टी चमकत असेल, तर ऊन वर चढेपर्यंत तेवढ्या पट्टीवर काही लिहू नये.