ओली खेळपट्टी म्हणजे ‘स्टिकी विकेट’ नव्हे

पावसाने थांबलेला सामना पुन्हा सुरू होतो, कव्हरं निघतात आणि इंग्रजी समालोचक ‘स्टिकी विकेट’ म्हणून जातो. ऐकणाऱ्याची समजूत अशी, की खेळपट्टी ओली आहे, म्हणून फलंदाजांची आता खैर नाही. (इथे विकेट म्हणजे तीन यष्ट्या नव्हेत, बावीस यार्डांची खेळपट्टी.)

खरं तर पार भिजलेल्या खेळपट्टीवर फलंदाजाचं बरं चालतं. चेंडू टप्पा पडून संथ येतो किंवा नुसता घसरत येतो, वळत नाही. हाल होतात ते गोलंदाजाचे. पाऊल ठरत नाही आणि ओला चेंडू बोटांत धरवत नाही. खेळपट्टी ‘स्टिकी’ होते ती नंतर, पाऊस थांबून कडक ऊन पडलं की. वरचा थर सुकून त्याची पापडी धरते, खालची माती मात्र अजून मऊ असते. चेंडू ती पापडी फोडून आत रुततो, मातीला पकडतो आणि कुठे जाईल ते सांगता येत नाही. एक हातभर वळतो, दुसरा त्याच टप्प्यावरून गळ्यापर्यंत उसळतो, तिसरा घोट्याखालून निघून जातो. संपूर्ण सुकली की खेळपट्टी पुन्हा शहाण्यासारखी वागू लागते. म्हणजे हा सगळा काही तासांचा खेळ.

या तासांची किंमत किती, हे 1950 च्या डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला दिसलं. ॲशेस मालिकेतल्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलिया पहिल्याच दिवशी 228 धावांत आटोपली. मग पावसाने शनिवार धुऊन नेला, रविवार विश्रांतीचा होता. त्या काळी सामना सुरू झाल्यावर खेळपट्टी झाकत नसत. सोमवारी खेळ सुरू झाला आणि उन्हाने आपलं काम केलेलं होतं. त्या दिवशी 130 धावांत 20 फलंदाज बाद झाले.

पण गंमत आकड्यांत नाही, कर्णधारांच्या डोक्यात आहे. इंग्लंडच्या फ्रेडी ब्राउनने 7 बाद 68 वर डाव सोडून दिला, तेही 160 धावांनी मागे असताना! कारण खेळपट्टी वाईट आहे तोवरच ऑस्ट्रेलियाला फलंदाजीला आणायचं होतं. लिंडसे हॅसेटनेही तेच ओळखलं आणि 7 बाद 32 वर डाव घोषित करून इंग्लंडला त्याच संध्याकाळी पुन्हा आत ढकललं. जिंकायला 193 हव्या होत्या आणि दिवस संपला तेव्हा इंग्लंड 6 बाद 30. खेळपट्टी सुकेल या आशेने लेन हटनसारख्या सलामीवीराला आठव्या क्रमांकापर्यंत राखून ठेवलं होतं. त्याने नाबाद 62 केल्या, पण संघ 122 वर संपला. ऑस्ट्रेलिया 70 धावांनी जिंकली.

आज आंतरराष्ट्रीय सामन्यात थेंब पडले की कव्हरं धावत येतात, त्यामुळे खरी ‘स्टिकी’ तिथे दिसतच नाही. समालोचक म्हणतात ती फार तर दमट खेळपट्टी असते. पाचव्या दिवशी भेगाळलेला, धूळ उडवणारा फिरकीचा आखाडा तर अगदीच वेगळा. तिथे चेंडू वळतो तो कोरडेपणामुळे. ‘स्टिकी’च्या जवळ जाणारं काही पाहायचं असेल, तर मुंबईची कांगा लीग आठवावी. 1948 पासूनची ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात, उघड्या खेळपट्ट्यांवर खेळण्यासाठीच ओळखली जाते. तिथे काढलेल्या वीस-तीस धावांना जुने मुंबईकर उगाच मान देत नाहीत.

समालोचनातला असाच गैरसमजाचा आणखी एक शब्द म्हणजे ‘डक’. त्याचं प्रकरण सोपं आहे, तरी घोळ होतोच. हा शब्द बदकाच्या अंड्यावरून, म्हणजे शून्याच्या आकारावरून आला. आपण भोपळा म्हणतो, भाजी-अंड्याचाच काय तो फरक. मात्र धावफलकावरचं प्रत्येक शून्य ‘डक’ नसतं. फलंदाज बाद व्हायला हवा. नाबाद शून्य हा ‘डक’ नव्हे. ‘गोल्डन डक’ म्हणजे स्वतः खेळलेल्या पहिल्याच चेंडूवर बाद होणं. तो चेंडू डावाचा पहिला असो की दोनशेवा, फरक पडत नाही. समोरच्या टोकाला उभा असलेला गडी एकही चेंडू न खेळता धावचीत झाला, तर त्याला बहुतेक जण ‘डायमंड डक’ म्हणतात.

सर्वांत प्रसिद्ध ‘डक’बद्दलही हा गोंधळ आहे. 1948 मध्ये ओव्हलवर डॉन ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटी डावात शून्यावर गेला, म्हणून तो ‘गोल्डन डक’ असणार असं कित्येक जण धरून चालतात. तसं नाही. एरिक हॉलिसचा पहिला चेंडू ब्रॅडमनने खेळून काढला होता. दुसऱ्यावर तो त्रिफळाचीत झाला. चार धावा झाल्या असत्या, तर त्याची सरासरी 99.94 वर न अडकता शंभर भरली असती.