तलाठ्याच्या चार्ज यादीत फेरफार आधी

गोंदिया जिल्ह्यात सजा बदलताना तलाठी दप्तराची यादी करून चार्ज देतो. नकाशे, नोंदवह्या मोजून घेता येतात. अर्धवट राहिलेला फेरफार मात्र लिहून दिल्याशिवाय कळत नाही.

समजा, आमगाव तालुक्यातल्या एका धानशेतीच्या वारस नोंदीची नोटीस 20 जूनला बजावली. हरकतीची 15 दिवसांची मुदत 5 जुलैला संपते. 2 जुलैला एका बहिणीने लेखी हरकत दिली आणि दुसऱ्याच दिवशी तलाठ्याची बदली झाली. हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना 6-अ मध्ये, चढली नसेल तर मंडळ अधिकारी नोंद बिनविरोध समजून प्रमाणित करतील. मग बहिणीला उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे लागेल. म्हणून चार्जच्या टिपणात फेरफार क्रमांक, नोटिशीची तारीख, हरकतीचा कागद कुठे आहे आणि पुढची पायरी, एवढे हवेच.

डिजिटल सहीचे टोकन व्यक्तीच्या नावाचे असते. ते सोपवायचे नाही. नव्या तलाठ्याची नोंदणी तहसीलमधून करून घ्यावी, जुन्याचे लॉगिन बंद झाल्याची खात्री करावी. टिपणात कोतवाल, पोलीस पाटील यांचे फोन क्रमांक लिहावेतच. कोणता वारस बाहेरगावी राहतो, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.