फी म्युनिकची, खोली आखेनची

‘जर्मनीत शिक्षण फुकट’ या भरवशावर पुण्या-मुंबईतले अनेक इंजिनिअर एम.एस.साठी तिकडे अर्ज करतात. हा भरवसा आता शहर बघूनच ठेवावा लागतो. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाला सत्रामागे चार किंवा सहा हजार युरो पडतात. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे २०१७पासून सत्राला दीड हजार युरो घेतले जातात. आखेनच्या सरकारी विद्यापीठात मात्र अजूनही शिकवणीची फी नाही, फक्त काहीशे युरोंचे सत्रशुल्क भरावे लागते.

मेकॅनिकलच्या दोन वर्षांच्या पदवीचा हिशेब मांडून पाहू. सहा हजारांचा दर धरला तर चार सत्रांत म्युनिकला चोवीस हजार युरो जातात आणि स्टुटगार्टला सहा हजार. त्यावर घरभाडे. म्युनिकमध्ये चौघांच्या फ्लॅटमधली एक खोलीसुद्धा महिना आठशे युरोंच्या घरात जाते. व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम मात्र शहर कुठलेही असो, महिन्याला ९९२ युरो या हिशेबानेच धरली जाते. म्युनिकमध्ये भाडे देऊन त्यातून उरतात दोनशेच्या आत-बाहेर. आरोग्य विमाच त्यातला निम्म्याहून जास्त भाग खातो, मग डाळ-तांदूळ कशातून आणायचे?

खरी सवलत वसतिगृहात मिळते. ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ या संस्थेच्या खोल्या बाजारभावापेक्षा बऱ्याच स्वस्त असतात, पण प्रतीक्षायादी मोठी असते. त्यामुळे वसतिगृहाचा अर्ज लवकरात लवकर टाकलेला बरा. खोली मिळेना म्हणून घाबरलेली मुलेच ठगांना सापडतात. घरमालक परदेशात आहे, अनामत आधी पाठवा, किल्ली कुरिअरने येईल, असा निरोप आला की समजावे, खोली अस्तित्वातच नाही. जाहिरातीतले भाडे ‘थंड’ आहे की ‘गरम’ हेही विचारावे. थंड भाड्यात हीटिंगचा खर्च धरलेला नसतो.

इंटर्नशिपचे काय? बॉश, पोर्शे आणि मर्सिडीज स्टुटगार्ट परिसरातल्या, बीएमडब्ल्यू म्युनिकची, म्हणून अनेकजण महाग शहर पत्करतात. हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. आखेनमध्ये फ्राउनहोफरच्या संशोधन संस्था आहेत, इंजिनांवर काम करणारी एफईव्ही आहे, शिवाय विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत ‘हिवी’ म्हणजे विद्यार्थी-साहाय्यकाचे काम मिळू शकते. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवसच नोकरी करता येते. त्या मोजणीत विद्यापीठातले हे काम सहसा धरत नाहीत. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिपही धरत नाहीत, स्वखुशीने केलेली मात्र धरतात.

शिवाय पदवी आणि इंटर्नशिप एकाच शहरात हवी असा नियम नाही. आखेनला नाव घालून सहा महिने स्टुटगार्टच्या कंपनीत काढता येतात. तेवढ्या काळापुरती आपली खोली दुसऱ्या विद्यार्थ्याला भाड्याने देण्याची तिथे सर्रास पद्धत आहे, फक्त वसतिगृहाची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते.