‘सगळेच वापरतात’ हे कारण नव्हे

रसायनशास्त्राचे कितीतरी शोधनिबंध ‘सर्व कॅलक्युलेशन्स B3LYP/6-31G* वर केली, कारण ही पद्धत सर्वत्र वापरली जाते’ अशा वाक्यावर निभावून नेतात. या वाक्यातून संशोधकाने बटण दाबलं एवढंच कळतं. आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे कळत नाही.

तिरप्या रेघेच्या अलीकडचं नाव फंक्शनलचं. रेणूतले इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत कसे वावरतात याचं नेमकं समीकरण कोणालाच माहीत नाही, म्हणून फंक्शनल त्याचा अंदाज बांधतं. पलीकडचं नाव बेसिस सेटचं. इलेक्ट्रॉनचा पसारा ज्या तयार तुकड्यांतून जुळवायचा, त्यांचा तो संच. 6-31G* मध्ये एका कार्बनला असे 15 तुकडे मिळतात, def2-TZVP मध्ये 31. तुकडे जितके जास्त, तितका वेळही जास्त.

डील्स-आल्डर अभिक्रियेचं सर्वांत साधं उदाहरण घेऊ: ब्युटाडाइन आणि इथिलीन मिळून सायक्लोहेक्झीन. यांच्या निर्मिती-उष्णता मोजलेल्या आहेत: 26.3, 12.5 आणि उणे 1.1 किलोकॅलरी प्रति मोल. वजाबाकी केली की अभिक्रियेतून सुमारे 40 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, हे कळतं. इथे दोन पाय-बंध मोडून दोन सिग्मा-बंध तयार होतात आणि नेमकं हेच B3LYP ला जड जातं. ते बाहेर पडणारी उष्णता कमी दाखवतं.

गंमत पुढे आहे. बेसिस सेट लहान असला की चूक कमी भासते आणि मोठा केला की वाढते! कारण असं, की लहान संचात तुकड्यांची टंचाई असते. दोन रेणू जोडले गेले की प्रत्येक भाग शेजाऱ्याचे तुकडे उसने घेतो आणि उत्पादन आहे त्यापेक्षा स्थिर दिसतं. फंक्शनलची उणी चूक आणि बेसिसची अधिक चूक परस्परांना झाकतात. होल्गर क्रुझे, लार्स गोएरिक आणि स्टेफान ग्रिमे यांनी 2012 मध्ये एका निबंधात नेमकी हीच जोडी ऊर्जामापनासाठी वापरू नका, असं स्पष्ट सांगितलं. प्रत्येक अभिक्रियेत उसनवारी सारखी नसते, त्यामुळे एका ठिकाणी जुळलेला आकडा दुसरीकडे दगा देतो.

मग परिच्छेद कसा लिहायचा? मी तो साधारण असा लिहीन: ‘रेणूंच्या रचना B3LYP-D3(BJ)/def2-TZVP वर ठरवल्या, बंधांच्या लांबीसाठी ही पातळी पुरेशी आहे. अंतिम ऊर्जा ωB97M-V/def2-QZVPP वर काढली, कारण कार्बन-कार्बन बंध तयार होताना B3LYP ऊर्जा कमी दाखवतं आणि लहान बेसिस ती चूक झाकतं.’ ORCA मध्ये याच्या ओळी अशा (दुसरी ओळ वेगळ्या फाइलमध्ये, पहिलीतून आलेल्या रचनेवर):

```
! B3LYP D3BJ def2-TZVP Opt Freq
! wB97M-V def2-QZVPP
```

दुसऱ्या ओळीत D3BJ नाही, ते विसरल्यामुळे नव्हे. रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाचा हिशेब ωB97M-V मध्ये आधीच आहे. पुन्हा जोडला तर तो दुप्पट होईल.

यानंतरची दोन वाक्यं मला सर्वांत मोलाची वाटतात, आणि नेमकी तीच गाळली जातात. एकात TZVP वरून QZVPP वर गेल्यावर अभिक्रियेची ऊर्जा किती हलली ते सांगायचं. ती हलत राहिली तर बेसिस अजून पुरेसा नाही. दुसऱ्यात CCSD(T) सारख्या महागड्या पद्धतीशी तुलना द्यायची. एवढ्या लहान रेणूंना ती परवडते. रेणू मोठे असतील तर त्याच जातीच्या अभिक्रियांचा तयार संच बघावा: 2017 च्या GMTKN55 मध्ये DARC नावाचा 14 डील्स-आल्डर अभिक्रियांचा गट आहे. शंभर वेगळ्या अभिक्रियांवरची सरासरी चूक इथे फारशी कामाची नाही.

तुलना करताना आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. मोजलेले 40 ही 298 केल्व्हिनवरची उष्णता आहे. संगणकाची नुसती इलेक्ट्रॉनिक ऊर्जा तिच्याशी ताडली तर कंपनांच्या हिशेबातला चार-पाच किलोकॅलरींचा फरक फंक्शनलच्या माथी बसतो. Freq त्यासाठीच आहे. आणि ब्युटाडाइन अभिक्रियेत वळलेल्या रूपात भाग घेत असलं, तरी त्याचं स्थिर रूप लांबट आहे, जवळपास तीन किलोकॅलरींनी खालचं. सुरुवातीची ऊर्जा म्हणून कोणतं रूप घेतलं, तेही लिहावं.

शेवटी प्रोग्रॅम आणि त्याची आवृत्ती. ORCA चं B3LYP आणि Gaussian चं B3LYP आत वेगवेगळी सूत्रं वापरतात. Gaussian सारखे आकडे हवे असतील तर ORCA मध्ये B3LYP/G लिहावं लागतं.