चौकटींच्या मधली गोष्ट

कादंबऱ्या वाचून मुरलेला वाचक पहिल्यांदा ग्राफिक नॉव्हेल हातात घेतो, तेव्हा बहुधा फुग्यांतला मजकूर तेवढा वाचत भराभर पानं उलटतो. पुस्तक संपतं, पण कोण कुठे गेलं आणि कोण कोणाला काय म्हणालं, याचा पत्ता लागत नाही. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचलेल्यांचीही यातून सुटका नसते. वेताळाच्या गोष्टी मुळात वर्तमानपत्रातल्या चित्रपट्ट्या होत्या, त्यामुळे तिथल्या चौकटी बऱ्याचदा सरळ ओळीने येत. ग्राफिक नॉव्हेलमध्ये मात्र पानाची मांडणीच गोष्ट सांगत असते.

म्हणून पान उघडल्यावर मजकुराकडे वळण्याआधी एकदा पूर्ण पान नजरेखालून घालावं. मराठीसारखंच इंग्रजी ग्राफिक नॉव्हेलही डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचलं जातं. अडतं ते चौकटी लहानमोठ्या असल्या की. समजा, डावीकडे एकावर एक दोन छोट्या चौकटी आहेत आणि उजवीकडे त्या दोन्हींच्या उंचीची एक लांब चौकट आहे. पहिली छोटी चौकट वाचून झाल्यावर उजवीकडे जायचं की खाली?

अशा वेळी चौकटींमधल्या रिकाम्या पट्ट्या पाहाव्यात. चित्रकार या पट्टीला ‘गटर’ म्हणतात. जी आडवी पट्टी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न तुटता जाते, तिथे ओळ संपते. मधेच एखाद्या चौकटीला जाऊन अडते, तिथे ओळ संपलेली नसते. वरच्या उदाहरणात दोन छोट्या चौकटींमधली पट्टी लांब चौकटीला अडते. म्हणजे आधी खाली उतरून दुसरी छोटी चौकट वाचायची आणि मग उजवीकडची लांब चौकट. कॉमिक्सच्या वाचनाचा अभ्यास करणारे नील कोन यांनी वाचकांना अशा रिकाम्या चौकटी दाखवून क्रम विचारला, तेव्हा बहुतेकांनी हाच मार्ग निवडला. क्रम चुकला तर ते लगेच कळतंही: प्रश्नाआधी उत्तर येतं, किंवा चौकटीच्या सुरुवातीला बाहेर गेलेला माणूस पुढच्या चौकटीत पुन्हा दारात उभा दिसतो. तसं झालं की दोन चौकटी मागे जावं.

क्रम जमला की त्या रिकाम्या पट्टीत काय घडतं, हे पाहायला सवड मिळते. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 साली ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मध्ये याचं एक गाजलेलं उदाहरण दिलं. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेला माणूस आणि त्याच्यासमोर घाबरलेला दुसरा. पुढच्या चौकटीत रात्रीचं शहर आणि एक किंकाळी. कुऱ्हाडीचा घाव कुठेच काढलेला नाही. तो वाचकाने घातला, असं मॅक्लाउड म्हणतात. चित्रकाराने काय गाळलं, किती वेळ गाळला आणि ते भरून काढायचं काम वाचकावर कसं सोपवलं, ते त्या पट्टीत शोधावं लागतं. कधी तिथे डोळ्याची उघडझाप असते, तर कधी दहा वर्षं.

अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’चं (1986-87) पहिलं पान या दृष्टीने सावकाश पाहण्यासारखं आहे. रस्त्याच्या कडेला रक्ताचा थेंब पडलेला एक हसरा पिवळा बिल्ला अगदी जवळून दिसतो. पुढच्या प्रत्येक चौकटीत नजर थोडी वर सरकते: आधी फुटपाथ, मग रक्त धुणारा माणूस आणि त्या रक्तातून चालत जाणारा फलकधारी, मग उंचावरून दिसणारा रस्ता. सहा छोट्या चौकटींनंतर तळाला एक रुंद चौकट येते. तिथे कळतं की आपण एका उंच इमारतीच्या फुटलेल्या खिडकीपाशी पोचलो आहोत आणि एक माणूस खाली पाहतो आहे. इथून कोणीतरी पडलं, हे चित्रात दाखवलेलं नाही. वाचक खालून वर आला आणि पडणाऱ्याचा प्रवास त्याने उलटा केला. चौकटी एकसारख्या मापाच्या असल्यामुळे ती चढण एका संथ लयीत होते, आणि शेवटची चौकट रुंद असल्यामुळे पाय तिथे थबकतात.

त्याच पानावर आवाजांचे दोन प्रकारही दिसतात. वरच्या चौकटींमध्ये फाटक्या कागदासारख्या कडांच्या पट्ट्यांत कोणाची तरी रोजनिशी चाललेली असते. शेवटच्या चौकटीत गोल फुगा येतो आणि त्याचं शेपूट खिडकीतल्या माणसाकडे वळतं. चौकोनी पट्टी म्हणजे सहसा निवेदन. फुगा म्हणजे त्या क्षणी उच्चारलेले शब्द, आणि शेपूट बोलणाऱ्याचा पत्ता सांगतं. टोकदार दातेरी कडा आरडाओरड्याची, तुटक रेषा कुजबुजीची, ढगासारखा फुगा मनातल्या विचाराचा. एका चौकटीत अनेक फुगे असतील तर आधी सर्वांत वरचा वाचावा, आणि दोन एका उंचीवर असतील तर डावीकडचा.

आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’मध्ये ही खूण फार मोलाची ठरते. नाझी छळातून वाचलेले वडील, व्लादेक, न्यूयॉर्कमध्ये मुलाला जुनी हकिगत सांगतात. भूतकाळाच्या चौकटींत निवेदनाच्या पट्ट्या म्हाताऱ्या व्लादेकच्या आणि खालचे फुगे तरुण व्लादेकचे. पट्ट्यांतलं इंग्रजी मोडकंतोडकं, कारण ती त्याने उतारवयात वापरलेली परकी भाषा. फुग्यांतलं सफाईदार, कारण पोलंडमध्ये तो स्वतःच्या भाषांत बोलत होता. हे दोन आवाज वेगळे ऐकले नाहीत, तर पुस्तकाचा निम्मा अर्थ निसटतो.

हे नियम पक्के होतात न होतात तोच ‘भीमायन’ ते मोडून दाखवतं. 2011 साली नवयानने काढलेल्या या पुस्तकात डॉ. आंबेडकरांना सोसाव्या लागलेल्या अस्पृश्यतेचे प्रसंग आहेत. चित्रं परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, तर लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. पात्रांना डब्यात कोंबायचं नाही, अशी व्याम दांपत्याची भूमिका होती. त्यामुळे इथे चौकोनी चौकटी आणि पांढऱ्या पट्ट्या नाहीत. पान विभागलं जातं ते दिग्ना या नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी. गोंड घरांच्या भिंती आणि जमिनी याच नक्षीने सजवतात.

साताऱ्याहून गोरेगावला वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमाचा प्रवास इथे वाचताना डोळ्याला नक्षीच्या कडेकडेने फिरावं लागतं. आगगाडी सापासारखी येते. एका बाजूचा प्रसंग दुसऱ्यात कुठे मिसळला, ते पात्रांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत यावरून ठरतं. फुग्यांचं व्याकरणही नवं आहे. सौम्य बोलणाऱ्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी, आणि मनातल्या विचारापाशी डोळ्याची खूण. मजकूर वाचण्याआधीच या शब्दांनी कोण डंख मारणार आहे, ते दिसतं.

एक अपवाद मात्र सुरुवातीलाच ओळखावा. जपानी मांगा अनुवादातही बऱ्याचदा मूळ क्रमाने, उजवीकडून डावीकडे छापला जातो. आपण ज्याला मलपृष्ठ म्हणतो तिथे तो सुरू होतो, आणि चौकटी व फुगेही उजवीकडूनच वाचायचे असतात.

नव्या वाचकाने ‘माउस’ आधी घ्यावं, कारण त्याच्या चौकटी बऱ्याच अंशी ओळीने चालतात आणि आवाज ओळखण्याचा सराव होतो. ‘भीमायन’ त्यानंतर. आणि फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचण्यापेक्षा ही दोन्ही पुस्तकं छापील घ्यावीत. पूर्ण पान एकदम दिसलं नाही, तर मांडणी दिसत नाही.